एकसारख्या दोन दऱ्या: गोकाक ते सौंदत्ती, चार दिवस

पहिला दिवस: बेळगाव ते गोकाक

डिसेंबरच्या मध्यात कॉलेजला चार दिवसांची सुट्टी मिळाली आणि भाचीला दिलेला शब्द पाळायची वेळ आली. ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, विषय भूशास्त्र. पुस्तकातली आकृती तिला तोंडपाठ आहे: वर फुगलेली घडी म्हणजे अपनती, खाली खचलेली घडी म्हणजे अभिनती. पण आकृतीत जमीन बाजूने कापून दाखवलेली असते आणि आपण चालतो ते जमिनीच्या वरून. शंभर कोटी वर्षांहून जुन्या घडीचा माथा केव्हाच झिजून गेलेला असतो. उरतात त्या काही टेकड्या, काही ओढे आणि मध्ये शाळूची शेतं. त्यावरून घडी कशी ओळखायची, एवढंच तिला दाखवायचं होतं. भाऊजींनी स्वतःची जीप काढली आणि गाडी मीच चालवणार असं सांगून टाकलं.

बेळगावातून सकाळी सातला निघालो. आपलं शहर काळ्या बेसाल्टवर आणि त्याच्या तांबड्या जांभ्यावर वसलेलं आहे. पूर्वेकडे जावं तशी ही लाव्हाची चादर पातळ होत जाते आणि तिच्याखालचे फार जुने गाळाचे खडक वर दिसू लागतात. त्यांना कलादगीचे खडक म्हणतात. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी हा सगळा मुलूख घोड्यावरून आणि पायी पिंजून काढला आणि 1876 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तेव्हा कलादगी हे जिल्ह्याचं ठाणं होतं, म्हणून खडकांनाही तेच नाव पडलं.

गोकाकच्या धबधब्याला पाणी कमी होतं, ते आमच्या पथ्यावरच पडलं. कड्याचा दगड नीट दिसत होता. घटप्रभा इथे सुमारे 52 मीटर खाली उडी घेते. कडा क्वार्टझाइटचा, म्हणजे दाबाने घट्ट झालेल्या वाळूच्या दगडाचा आहे आणि त्याचे थर जवळजवळ आडवे, विटांच्या भिंतीसारखे एकावर एक बसलेले आहेत.

भाचीने उपग्रहाच्या चित्राची छापील प्रत काढली. घळीच्या दोन्ही बाजूंनी थरांच्या रेघा वळत, नागमोडी जाताना त्यात दिसत होत्या. ती म्हणाली, "मामा, ही बघ की घडी!"

चूक अगदी रास्त होती. सपाट थराला दरीने कापलं की त्याची कड दरीच्या काठाने फिरते, जशी तळ्याच्या पाण्याची रेघ काठाकाठाने फिरते. वरून पाहिलं तर ती वळलेलीच दिसणार. तिला नकाशावर त्या रेघेवरच्या चार ठिकाणांची उंची वाचायला सांगितली. चारही जवळजवळ एकाच उंचीवर आली. उंची बदलत नाही म्हणजे थर आडवा आहे, आणि वळण दिसतंय ते घळीचं. थर खरोखर वाकलेला असता तर त्याच रेघेवर चालताना कुठे चढावं लागलं असतं, कुठे उतरावं लागलं असतं, आणि मुख्य म्हणजे थराचा कल जागोजागी बदलला असता. मी तिला वहीच्या पहिल्या पानावर एवढंच लिहायला लावलं: वळण दिसलं की आधी कल मोज.

कर्दंटाची दोन पाकिटं घेऊन रात्री गोकाकातच मुक्काम केला.

दुसरा दिवस: यादवाडच्या पुढचा माळ

यादवाड ते लोकापूर या पट्ट्यात कलादगीचे थर चांगलेच घडी पडलेले आहेत. चुनखडी आणि डोलोमाइट असल्यामुळे खाणीही आहेत. आम्ही खाणींपासून दूर, ऊस आणि शाळू यांच्यामधल्या एका उघड्या माळावर उतरलो. समोर पूर्व-पश्चिम पसरलेल्या तीन टेकड्यांच्या लांब रांगा होत्या आणि त्यांच्या मध्ये दोन दऱ्या. दोन्ही दऱ्यांची रुंदी सारखी, दोन्हींत ओढा, दोन्हींत शेती. भाऊजी बघत म्हणाले, "दोन्ही सारख्याच दिसतात की."

दिसायला सारख्या होत्या हे खरं. यातली एक अभिनती आहे आणि दुसरी अपनती, हे मला आधीच्या खेपेपासून माहीत होतं. भाचीला सांगितलं नव्हतं.

दक्षिणेकडच्या रांगेवरून सुरुवात केली. थराचा कल मोजताना दोन गोष्टी लागतात: थर कुठल्या दिशेला उतरतो आणि किती अंशांनी उतरतो. थरावर पाणी ओतलं तर ते ज्या वाटेने खाली जाईल ती कलाची दिशा, डिप. तिच्याशी काटकोनात थरावर काढलेली आडवी रेघ म्हणजे स्ट्राइक. टेकडीची रांग साधारण या स्ट्राइकच्याच दिशेने धावते. भाचीने वही थरावर ठेवली, वहीवर होकायंत्र ठेवलं आणि वाचलं: उत्तरेकडे, 40 अंश. नेमकी दिशा 351, म्हणजे उत्तरेपासून किंचित पश्चिमेला.

तिचं पहिलं वाचन मात्र मी टाकून द्यायला लावलं होतं. ते तिने जीपच्या बॉनेटला टेकून घेतलं होतं आणि लोखंडाने सुई बरीच फिरली होती. आणखी एक वाचन मी स्वतः रद्द केलं. तो दगड वरून घरंगळत येऊन नीट बसलेला एक मोठा चिरा होता. विद्यार्थी असताना अशाच एका चिऱ्यावर विश्वासून मी नसलेली घडी नकाशावर काढली होती. तेव्हापासून नियम ठेवलाय: शेजारच्या दहा पावलांत तसाच कल असलेले दोन-तीन थर दिसले नाहीत तर तो आकडा वहीत जात नाही.

रांगेवरून उत्तरेला दरीत उतरलो. क्वार्टझाइट संपला आणि करडी, पापुद्रे निघणारी शेल लागली. पुढे ओढ्याच्या पलीकडे डोलोमाइट आला. भिंगाखाली बारीक कण दिसले. सौम्य आम्लाचा थेंब टाकला तेव्हा तो चुनखडीसारखा फसफसला नाही, पण चाकूने खरवडून पूड करून त्यावर टाकल्यावर हळूहळू बुडबुडे आले. डोलोमाइटची हीच खूण. आणखी उत्तरेला पुन्हा तीच शेल लागली आणि मग मधली रांग, पुन्हा क्वार्टझाइटची. इथे कल दक्षिणेकडे, 65 अंश, दिशा 197.

क्वार्टझाइट, शेल, डोलोमाइट, शेल, क्वार्टझाइट. जाताना जे आलं तेच उलट्या क्रमाने परत आलं. आरशात पाहिल्यासारखा हा क्रम दिसला की घडीची शंका घ्यायची. पण नुसत्या आरशाने ती अपनती की अभिनती हे कळत नाही. त्यासाठी मधला खडक जुना आहे की नवा हे ठरवावं लागतं. मध्ये सर्वांत नवा थर असेल तर अभिनती, सर्वांत जुना असेल तर अपनती. दोन्ही बाजूंचे थर आत, दरीकडे उतरतायत हा अभिनतीच्या बाजूचा पुरावा आहे, पण थर पूर्ण उलटले असतील तर तोही फसवतो.

म्हणून थराचं वरचं अंग कुठलं हे शोधायचं. मधल्या रांगेच्या दक्षिण बाजूला क्वार्टझाइटच्या एका फरशीवर लाटांच्या खुणा होत्या, उथळ पाण्यात वाळूवर पडतात तशा. टोकं अणकुचीदार आणि मधले खोलगे गोलसर. या लाटांची टोकं मुळात वर असतात, त्यामुळे टोकं ज्या बाजूला तो थराचा वरचा भाग. इथे टोकं दक्षिणेकडे, दरीकडे होती. शेजारीच तिरकस थर दिसले. मोठ्या थराच्या पोटात बारीक तिरप्या रेघा, ज्या खालच्या टोकाशी हलकेच वळून तळाला टेकतात आणि वरच्या टोकाशी मात्र कापल्यासारख्या तुटतात. त्याही तेच सांगत होत्या. कोणी घाईत या तिरप्या रेघांचाच कल मोजतो आणि आकडे वेडेवाकडे येतात. मोजायचा तो मोठ्या थराचा.

दोन्ही बाजूंना वरचं अंग दरीकडे होतं. म्हणजे डोलोमाइट सर्वांत नवा आणि ही दरी अभिनती. भाचीने वहीत दोन बाण एकमेकांकडे तोंड करून काढले.

जेवायला गावातल्या खाणावळीत गेलो. ताज्या ज्वारीच्या भाकऱ्या आल्या, सोबत एण्णेगाई आणि शेंगाचटणी. पाच भाकऱ्या एकावर एक ठेवून मी त्या चवडीला दोन्ही बाजूंनी हळूच दाबलं. मधून ती वर उचलली गेली. "कडा बघ," मी म्हटलं. मघाशी एकसारख्या जुळलेल्या कडा पायऱ्यांसारख्या सरकल्या होत्या. वाकताना प्रत्येक भाकरी खालच्या भाकरीवरून घसरली होती. दगडाचे थरही असेच एकमेकांवरून सरकत वाकतात. थरांच्या मधल्या पृष्ठावर त्या घसरणीचे बारीक, गुळगुळीत ओरखडे राहतात आणि ते घडीच्या अक्षाला, म्हणजे घडी ज्या रेघेवर वळते तिला, साधारण काटकोनात असतात. मग कडक भाकरी मागवली आणि तसंच दाबलं. ती मोडली. क्वार्टझाइट वर, थंडीत आणि घाईत दाबला तर असाच मोडतो. खोल जमिनीत, वरच्या थरांचं ओझं आणि उष्णता असताना, लाखो वर्षं हळू दाबला तर तो वाकतो. मऊ शेल मात्र नुसती वाकत नाही, तर भुजांवरून, म्हणजे घडीच्या दोन बाजूंवरून, पिळून घडीच्या वळणात जमा होते. म्हणून वळणाशी शेल जाड भरते आणि भुजांवर पातळ.

हा दाब कुठून आला यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही म्हणतात बाजूने दाब आला. काही म्हणतात की सगळी थरांची गादी खालच्या पुरातन खडकावरून उताराने घसरली आणि घसरताना सुरकुतली. माझ्या मते या माळावरच्या आकड्यांवरून दोघांपैकी कोणालाही खोटं ठरवता येत नाही.

पण थर किती आखडले याचा हिशेब मात्र इथेच करता येतो. दोन रांगांमधलं अंतर, अक्षाला काटकोनात मोजलं तर, साधारण एक किलोमीटर. एका बाजूने 40 अंश, दुसऱ्या बाजूने 65. दोन्ही भुजा खाली सरळ जातात असं धरून कागदावर त्रिकोण काढला तर त्या सुमारे 600 मीटर खोलीवर मिळतात आणि दोन्ही भुजांची लांबी मिळून 1.6 किलोमीटर भरते. म्हणजे जो थर एके काळी 1.6 किलोमीटर पसरला होता तो आता एका किलोमीटरात बसलाय. घडीचं वळण खाली टोकदार नसून गोल असणार, त्यामुळे खरी खोली 600 हून कमीच. तरी भाऊजी दरीतल्या एका विहिरीपाशी थांबून बराच वेळ खाली बघत राहिले.

तिसरा दिवस: नाक शोधताना

रात्री भाचीने दोन्ही रांगांच्या स्ट्राइकच्या रेघा नकाशावर पूर्वेकडे वाढवल्या होत्या. त्या समांतर नव्हत्या. दक्षिणेची रांग पूर्वेला जाताना किंचित उत्तरेकडे झुकत होती आणि मधली दक्षिणेकडे. दोन रेघांमध्ये 26 अंशांचा कोन होता. "मामा, या पुढे भेटणार," ती म्हणाली. कुठे, हे तिने मोजूनही काढलं: साधारण दोन किलोमीटर पुढे.

भुजा समांतर नसतील तर घडीचा अक्ष आडवा नाही, तो कुठल्यातरी दिशेने जमिनीत बुडतोय. वहीचं अर्धवट उघडं पुस्तक करून ते एका टोकाला खाली झुकवलं आणि वरून सपाट कापलं, तर कापाची रेघ व्ही आकाराची येते. अभिनतीत हा व्ही ज्या बाजूला उघडतो त्या बाजूला अक्ष बुडतो. अपनतीत उलट: व्हीचं टोकच बुडण्याची दिशा दाखवतं. आमच्या दरीच्या भुजा पूर्वेला मिटणार असतील तर अक्ष पश्चिमेला बुडतोय.

सकाळी रांगेच्या माथ्यावरून पूर्वेला चालत निघालो. पळसाची झुडपं, मध्येमध्ये मेंढरं, आणि पायाखाली तोच गुलाबी-पांढरा क्वार्टझाइट. दोन किलोमीटर व्हायच्या आधीच रांग वळायला लागली आणि अर्धवर्तुळ काढून पलीकडच्या रांगेला मिळाली. हे वळण म्हणजे घडीचं नाक. अंदाजापेक्षा आधी मिळाली, कारण अंदाज सरळ रेघांचा होता आणि खरं नाक गोल असतं, ते कोपरा कापूनच वळतं. या नाकावर कल मोजला: पश्चिमेकडे, दिशा 280, फक्त 15 अंश. जिथे घडीचं वळण असतं तिथे थराचा कल हाच अक्षाचा बुडण्याचा कोन. दोन भुजांच्या आकड्यांवरून गणिताने अक्ष काढला तेव्हाही तोच आला. तीन वेगळ्या ठिकाणी घेतलेले आकडे एकमेकांना दुजोरा देतात तेव्हा नकाशावरच्या रेघेवर भरवसा बसतो.

दुपारनंतर मी काही बोलायचं नाही असं ठरवलं. दुसरी, उत्तरेकडची दरी तिने एकटीने सोडवायची होती.

मधल्या रांगेवर चढून पलीकडे उतरली. तिथेही शेल, तिथेही ओढा. उत्तरेकडची रांग पुन्हा क्वार्टझाइटची, पण तिथे कल बाहेरच्या बाजूला, उत्तरेला, 40 अंश. ती दरीच्या मध्यावर उभी राहून दोन्हीकडे बघत होती. "मामा, इथनं या रांगेची पाठ दिसत नाही. नुसती तुटकी कड दिसते."

मला हेच तिच्या तोंडून ऐकायचं होतं. कललेल्या कठीण थराला दोन बाजू असतात: एक पाठ, म्हणजे थराच्या उतारासोबत जाणारा छपरासारखा सलग उतार, आणि दुसरी कड, जिथे थरांची टोकं पायऱ्यांसारखी तुटलेली दिसतात. अभिनतीच्या दरीत उभं राहिलं की टेकड्यांची पाठ आपल्याकडे असते. झिजून उघडलेल्या अपनतीच्या दरीत कड आपल्याकडे असते. काल आम्ही दक्षिणेच्या रांगेची फरशीसारखी पाठ उतरूनच दरीत आलो होतो. आज उत्तरेच्या रांगेच्या पायऱ्या समोर होत्या.

पण तिला मधल्या रांगेने अडवलं. तिथे कल 65 अंशांचा, इतका उभा की पाठ आणि कड दोन्ही बाजूंनी सारख्याच चढाच्या. उपग्रहाच्या चित्रात ती रांग नुसती एक भिंत दिसते आणि चित्रावरून तिचा कल सांगता येत नाही. शिवाय दोन्ही दऱ्यांत शेल, रंगही जवळपास सारखा. ती परत मधल्या रांगेवर गेली, कालची लाटांची फरशी शोधली आणि तिथून ओरडून सांगितलं की टोकं दक्षिणेकडेच आहेत, म्हणजे उत्तरेकडची शेल या क्वार्टझाइटच्या खालची, जास्त जुनी. मध्ये जुना खडक, थर दोन्हीकडे बाहेर उतरणारे. अपनती. ज्या ठिकाणी एके काळी कमान सर्वांत उंच होती तिथेच आता ओढा वाहतोय. कमानीच्या माथ्यावर थर ताणले जाऊन भेगा पडतात, तिथे कठीण क्वार्टझाइट आधी फुटला, आणि खालची मऊ शेल उघडी पडल्यावर ती भराभर झिजली.

शेलमध्ये आणखी एक पडताळा मिळाला. शेलचे पापुद्रे दोन दिशांनी निघतात: एक मूळ थराच्या दिशेने आणि दुसरे दाबामुळे नंतर तयार झालेल्या दिशेने, ज्याला क्लीव्हेज म्हणतात. दक्षिणेच्या रांगेजवळ थर 40 अंशांनी उत्तरेला उतरत होता आणि क्लीव्हेज त्याहून बरंच उभं होतं. क्लीव्हेज थरापेक्षा उभं असेल तर थर सरळ आहे, उलटलेला नाही. क्लीव्हेज थरापेक्षा सपाट दिसलं असतं तर मात्र सगळा हिशेब पुन्हा तपासावा लागला असता.

ही अपनती पश्चिमेला मिटते. तिचं नाक शोधायला संध्याकाळी तिकडे गेलो, पण उसाच्या फडाखाली आणि काळ्या मातीखाली खडक गडप झाला होता. नकाशावर तिथे आम्ही तुटक रेघ काढली. खडक दिसला तिथे सलग, अंदाज केला तिथे तुटक. एक नाक पूर्वेला, एक पश्चिमेला, त्यामुळे तीन रांगा नकाशावर मिळून एकच नागमोडी पट्टा दिसतात. टेकड्या तीन असल्या तरी क्वार्टझाइट एकच आहे.

चौथा दिवस: रामदुर्ग, सौंदत्ती आणि घर

लोकापूरहून दक्षिणेला रामदुर्गच्या बाजूला उतरलो. इथे बदामीचे तांबूस वालुकाश्म माथ्यावर आडवे बसलेले दिसतात आणि त्यांच्या खाली कलादगीचे घडी पडलेले, कललेले थर आडव्या कापाने छाटल्यासारखे संपतात. वरच्या थरांच्या तळाशी क्वार्टझाइटचे गोटे आहेत. म्हणजे खालचे थर आधी वाकले, मग वर आले, मग झिजून सपाट झाले आणि नंतर त्यांच्या पाठीवर ही नवी वाळू बसली. घडी केव्हा पडली याला इथे एक सीमा मिळते: बदामीची वाळू बसायच्या आधी. भाचीने वरच्या आडव्या थरावर एक हात आणि खालच्या तिरक्या थरावर दुसरा हात ठेवला आणि थोडा वेळ काही बोलली नाही.

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर दर्शन घेतलं. पौर्णिमा नव्हती, तरी कोल्हापूरकडच्या दोन गाड्या आलेल्या होत्या आणि पायऱ्यांवर भंडारा उधळलेला होता. परतताना मलप्रभेच्या धरणाकडे वळलो. नदीने क्वार्टझाइटच्या रांगेला कापलेल्या अरुंद खिंडीत हे धरण बांधलंय. जीप थांबायच्या आधीच भाची खाली उतरली आणि होकायंत्र घेऊन रस्त्याच्या कडेच्या खडकाकडे गेली. भाऊजींनी मला विचारलं, ही पण घडी काय? मी म्हटलं, एका ठिकाणच्या कलावरून सांगता येत नाही. पलीकडून तिचा आवाज आला, "भाऊ, गाडी जरा लांब लाव, सुई फिरतेय!" भाऊजींनी लेकीचं ऐकून जीप पन्नास पावलं मागे घेतली.